पाचवा स्पॉट

इंदुमतीच्या रागाचं कौतुक कुणीच करत नसे. घरी आई म्हणे, हिच्या नाकावर माशी बसत नाही. कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्रमुख कृष्णराव म्हणत, मुलगी हुशार आहे पण तिला जरा थंड व्हायला सांगा. थंड व्हायला सांगणारी माणसं बहुतेक वेळा तापवणारीच असतात, हे त्यांना कोण सांगणार?

त्या एप्रिलच्या सकाळी ती कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून, म्हणजे राजघराण्याच्या समाध्यांवरून, कॉलेजकडे निघाली, तेव्हा ऊन आतापासूनच डोळ्यांत खुपत होतं. मध्य भारताचं सरकार उन्हाळ्यापुरतं ग्वाल्हेरहून इंदूरला आलं होतं आणि रस्त्यावर कचेऱ्यांचे टांगे धावत होते. इंदुमतीच्या काखेत खाकी कागदात गुंडाळलेला एम.एस्सी.चा प्रबंध होता. आज शेवटचं प्रॅक्टिकल आणि मग तोंडी परीक्षा. ग्वाल्हेरहून आलेले बाहेरचे परीक्षक संध्याकाळी सगळे प्रबंध बरोबर घेऊन जाणार होते. ज्या प्रबंधावर गाइडची सही नाही, तो इथेच राहणार. तो राहिला की डिग्रीही राहिली. तिच्या प्रबंधावर सही नव्हती.

गाइड होते कृष्णरावच. त्यांची अट एकच होती. शेवटचं प्रकरण फाडून टाका, मग सही घ्या.

त्या प्रकरणात इंदुमतीने लिहिलं होतं, की पानाला हिरवं करणारे क्लोरोप्लास्ट आणि पेशीला अन्नातून शक्ती काढून देणारे मायटोकॉन्ड्रिया हे मुळात पेशीचे अवयव नसावेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी ते मोकळे हिंडणारे बॅक्टेरियासारखे जीव असावेत. एखाद्या मोठ्या पेशीने त्यांना गिळलं, पण पचवलं नाही. आत राहून ते कामाला लागले, पेशीने त्यांना आसरा दिला, आणि पिढ्यान् पिढ्या असं राहता राहता दोघांनाही एकमेकांवाचून जगणं जमेनासं झालं. कल्पना तिची नव्हती. युरोपात आणि अमेरिकेत दोन-चार जणांनी ती आधी मांडली होती, आणि लोकांनी त्यांची टिंगल केली होती. इंदुमतीला ती पटली, एवढाच तिचा गुन्हा.

टिंगल करायला युरोपापर्यंत जायची गरज नव्हती. डिसेंबरात तिने वर्गापुढे हा विषय मांडला तेव्हा कृष्णराव मागच्या बाकावर बसले होते. ती बोलायची थांबली तसे ते उठले आणि वर्गाकडे वळून म्हणाले, "साबुदाणा पांढरा, मोती पांढरा. म्हणून साबुदाणा शिंपल्यात पिकतो का? मायटोकॉन्ड्रिया बॅक्टेरियासारखे दिसतात म्हणून ते बॅक्टेरियाचे वंशज? दिसण्यावरून नाती लावायची असतील बाईसाहेबांना, तर त्यांनी लग्नं जुळवायचं काम घ्यावं."

वर्ग खो खो हसला. पोरं तर हसलीच, पण पहिल्या बाकावरची बेबीसुद्धा हसली, आणि बेबी तिची मैत्रीण होती. इंदुमतीचे कान लाल झाले. तिला रडू येत नव्हतं, तिला टेबलावरची खडूची पेटी उचलून फेकावीशी वाटत होती. कारण ती दिसण्यावर कधी थांबलीच नव्हती, आणि हे कृष्णरावांना नीट माहीत होतं. तिचे प्रयोग त्यांच्या खोलीच्या शेजारच्याच खिडकीत तर ठेवलेले होते.

कृष्णपुऱ्याच्या घाटाशी नदीच्या कडेला पाण्यावर जी हिरवी साय धरते, तिच्यातून तिने युग्लीना वेगळा काढला होता. एका पेशीचा हा जीव अंगात क्लोरोप्लास्ट बाळगतो, आणि उजेड नसला तर पाण्यातलं अन्न शोषूनही जगतो. पलासियाच्या दवाखान्यात तिचा मावसभाऊ शाम कंपाउंडर होता. त्याच्याकडून तिने मुदत संपलेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या कुप्या आणल्या. क्षयाचे बॅक्टेरिया मारायला हे औषध तेव्हा नव्याने मिळू लागलं होतं. ते तिने युग्लीनाच्या पाण्यात घातलं, आणि खायला यीस्टचा अर्क घातला. युग्लीना मेला नाही. तो पोहत राहिला, एकाचे दोन होत राहिला, फक्त पिढीगणिक फिका पडत गेला आणि शेवटी पांढरा झाला. मग तिने औषध धुऊन काढलं, बाटली उन्हाच्या खिडकीत ठेवली आणि वाट पाहिली. तो पुन्हा हिरवा झाला नाही. त्याच्या लेकरांची लेकरंही पांढरीच निघाली.

म्हणजे काय झालं? बॅक्टेरियाला मारणाऱ्या औषधाने पेशी जगू दिली आणि नेमका तिच्यातला क्लोरोप्लास्ट संपवला. आणि एकदा तो संपल्यावर पेशीला नवा बनवता आला नाही. क्लोरोप्लास्ट क्लोरोप्लास्टपासूनच होतो, दुभंगून, जसा बॅक्टेरिया होतो. जवाचे दाणे तिने त्याच औषधाच्या पाण्यात रुजवले, तर कोंब पांढरे आले, दाण्यातली शिदोरी पुरली तोवर वाढले आणि वाळून गेले. आईच्या अंगणातल्या गुलबाशीचंही तसंच. एका झुडपाला पांढरी फांदी होती. त्या फांदीवरच्या फुलाला हिरव्या फांदीचा पराग लावला तरी बीतून पांढरंच रोप यायचं, आणि हिरव्या फांदीच्या फुलाला पांढरीचा पराग लावला तर हिरवं. क्लोरोप्लास्ट बीजांडातून आईकडून येतो, बापाच्या परागाचं तिथे काही चालत नाही. हे जुनं संशोधन होतं, तिने फक्त ताडून पाहिलं. परदेशी मासिकात नव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रं आली होती, त्यांत मायटोकॉन्ड्रियाला दुहेरी पडदा दिसत होता. आतला स्वतःचा आणि बाहेरचा गिळणाऱ्याचा, असं असेल का, एवढंच तिने विचारलं होतं.

पुढे काही वर्षांनी या दोघांतही त्यांचा स्वतःचा डीएनए सापडला, बॅक्टेरियासारखाच. प्रथिनं घडवणारी त्यांची यंत्रंही बॅक्टेरियाच्याच धाटणीची निघाली, आणि स्ट्रेप्टोमायसिन त्याच यंत्रात पाचर मारतं हेही कळलं. ते सगळं इंदुमतीला तेव्हा ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिच्यापाशी होती पांढरी बाटली, पांढरे कोंब आणि गुलबास. कृष्णरावांनी त्यांतलं काहीच पाहिलं नाही. त्यांनी साबुदाणा पाहिला.

प्रयोगशाळेत स्पॉटिंगची मांडामांड झाली होती. स्पॉटिंग म्हणजे लांब टेबलावर ओळीने ठेवलेले सूक्ष्मदर्शक, प्रत्येकाखाली एक स्लाइड, शेजारी प्रश्नाचं कार्ड. घंटी वाजली की पुढच्या सूक्ष्मदर्शकापाशी सरकायचं, बघायचं, ओळखायचं, लिहायचं. फोकसचा बारीक स्क्रू तेवढा फिरवता येतो. स्लाइड हलवायची नाही, भिंग बदलायचं नाही. स्लाइडवरच्या चिठ्ठीवर कागद चिकटवून ती झाकलेली असते, नाहीतर मुलं चिठ्ठीच वाचतील. स्लाइडी निवडायचं काम कृष्णरावांचं. ते स्वतः वाळवलेल्या झाडांच्या संग्रहातले मोठे जाणकार, पानावरून जात सांगणारे. पेशीच्या आतलं त्यांना कंटाळवाणं वाटे.

पाचव्या नंबरपाशी येऊन इंदुमतीने डोळा लावला.

तेलाच्या, सगळ्यांत मोठं करून दाखवणाऱ्या भिंगाखाली दोन-तीनच पेशी दिसत होत्या. आत लाल रंगाचे दाणे आणि आखूड काड्या विखुरलेल्या. कडेच्या एका पेशीत विभागणी चालू होती. ही पेशी तिने कितीदा पाहिली होती, चित्र काढताना तिची मान या पेशीवर आखडली होती. ही तिची स्लाइड होती. कांद्याच्या मुळाचं टोक, फुक्सिनने रंगवलेले मायटोकॉन्ड्रिया. शेवटच्या प्रकरणासाठी तिने दोन जोडीच्या स्लाइडी केल्या होत्या. एक कांद्याच्या मुळाची, दुसरी हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठीची, म्हणजे नोड्यूलची, जिच्या पेशींच्या आत खरोखरीचे बॅक्टेरिया राहतात आणि झाडाला हवेतला नायट्रोजन मिळवून देतात. दोन्हींना एकच रंग दिला होता, शेजारी ठेवून पाहता यावं म्हणून. दोन्ही एकाच डब्यात होत्या, आणि दोन्हींच्या चिठ्ठीवर नुसतं मूळ, रंग आणि अनुक्रमांक होता.

तिने कार्ड वाचलं. 'पेशीच्या आत राहणारा जीव ओळखा. त्याचं पेशीशी असलेलं नातं सांगा.'

म्हणजे कृष्णरावांनी तिला न विचारता तिचा डबा उघडला होता. विभागाच्या जुन्या स्लाइडी फिक्या पडल्यात हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी लाल काड्या पाहिल्या, हरभऱ्याच्या गाठीतले बॅक्टेरिया म्हणून मांडून टाकल्या, वर कागद चिकटवला. साबुदाणा मोती म्हणून मांडला.

आधी तिला हसू आलं. मग जो राग आला तो डिसेंबरपासून साठलेला होता, आणि त्याच्यापुढे हसू टिकलं नाही. प्रकरण फाड म्हणतात ते कशासाठी? नुसत्या दिसण्यावर भरवसा ठेवू नये म्हणून. आणि हे काय आहे?

पलीकडे चौथ्यावर बेबी भराभर लिहीत होती. पाचव्याला काय लिहायचं ते स्वच्छ होतं. 'बॅक्टेरिया, हरभऱ्याची गाठ, सहजीवन.' सगळा वर्ग तेच लिहिणार, गुण मिळवणार. इंदुमतीलाही मिळाले असते. सही नाही, त्यात गुणही गमवायचे म्हणजे पुरता निकाल लागला. पेन हातात धरून ती क्षणभर थांबली. मग तिने एवढ्या जोरात लिहिलं की कागदाला मागून उठाव आला: 'मायटोकॉन्ड्रिया, कांद्याच्या मुळातले. हा आता वेगळा जीव नाही. एके काळी असावा.'

घंटी वाजली.

दुपारी व्हरांड्यात बेबीने तिला गाठलं. "पाचवा तर एकदम सोपा होता ना, यार? नोड्यूलचे बॅक्टेरिया."

"ते मायटोकॉन्ड्रिया होते," इंदुमती म्हणाली. "माझी स्लाइड आहे ती."

बेबीने डोळे मोठे केले. "सरांनी चुकीची लावली? मग तू लिहिलंस तरी काय?"

"जे होतं ते."

"पागल आहेस का तू? आज सही व्हायची आहे तुझी. आजचा दिवस चुपचाप राहिली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"डिसेंबरात तू पण हसली होतीस," इंदुमती म्हणाली. बेबी पदराचं टोक पिळत राहिली. इंदुमतीला तिची कीव आली नाही.

तोंडी परीक्षा कृष्णरावांच्या खोलीत होती. ग्वाल्हेरचे शंकरराव वयस्क होते. खादीचा कोट, जाड भिंगांचा चष्मा, आणि प्रश्न विचारून उत्तराची मनापासून वाट पाहायची सवय. टेबलावर प्रबंध होता आणि त्याच्यावर तिची स्पॉटिंगची उत्तरं. पाचव्यावर कृष्णरावांनी लाल शाईने फुली मारली होती, आणि शेजारी शून्य.

"बसा," शंकरराव म्हणाले. "बाकी सगळं बरोबर आहे हो तुमचं. ही पाचव्याची गडबड कशी झाली? नोड्यूल ओळखता आला नाही?"

कृष्णराव हसले. "यांच्या डोक्यात ते एक भूत बसलंय ना, सर. यांना बॅक्टेरिया दाखवले तर मायटोकॉन्ड्रिया दिसतात, मायटोकॉन्ड्रिया दाखवले तर बॅक्टेरिया. म्हणूनच ते प्रकरण काढायला सांगितलं मी. सायन्समध्ये असला बकवास चालत नाही."

इंदुमती बसली नाही. "सर, पाचवा नोड्यूल नाही. कांद्याचं मूळ आहे."

"मुली, स्लाइड मी निवडली आहे," कृष्णराव म्हणाले.

"माझ्या डब्यातून."

कृष्णरावांचा चेहरा आक्रसला. "हे बघा, शंकररावजी, ही बोलण्याची पद्धत आहे?"

"पद्धतीचं नंतर बघू," शंकरराव म्हणाले. "कांदा आहे कशावरून म्हणता?"

"दाखवते."

ती त्यांची वाट न पाहता प्रयोगशाळेत शिरली. दोघं मागून आले. कोपऱ्यात चहाचे कप घेऊन उभे असलेले वर्गातले चार-पाच जण जागच्या जागी थिजले, त्यांत बेबीही होती. इंदुमतीने पाचव्या सूक्ष्मदर्शकाला हात घातला.

"हात लावू नका," कृष्णराव म्हणाले. "स्पॉट हलवलात तर परीक्षेतून काढीन."

"काढा," ती म्हणाली. तिने तेलाचं भिंग बाजूला फिरवून लहान भिंग आणलं, फोकस केला आणि बाजूला झाली. "आता बघा, सर. सगळं मूळ दिसेल."

शंकररावांनी चष्मा कपाळावर सरकवून डोळा लावला. मग हळूहळू स्लाइड सरकवली.

"मुळाचं टोक," ते शेवटी म्हणाले. "वर टोपी आहे. खाली विभागणाऱ्या पेशींच्या रांगा. गाठ कुठेच नाही." त्यांनी मान वर केली. "कृष्णराव, हे हरभऱ्याच्या गाठीचं तर नाहीच. आणि कांद्याला नोड्यूल होत नाहीत."

कृष्णरावांनी पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. त्यांच्या मानेवर घाम आला होता. "गडबडीत झालं," ते म्हणाले. "एका डब्यात ठेवतात का असल्या स्लाइडी? आणि साहजिक आहे, हाय पॉवरखाली दोन्ही दिसतात सारखेच. कोणीही फसेल."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांना ते परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

"सर," इंदुमती म्हणाली, "दिसतात सारखेच, एवढं पहिल्या परिच्छेदात मीही लिहिलंय. पण मी तिथे थांबले नाही. खाली लिहिलंय, की सारखं दिसणं हा पुरावा नव्हे, म्हणून औषध घालून पाहिलं, बी रुजवून पाहिलं. दिसण्यावरून ठरवलंत ते तुम्ही. आज. आणि मला डिसेंबरात सगळ्यांसमोर म्हणालात लग्नं जुळवा."

कोणी हसलं नाही. बेबीने खाली पाहिलं. कृष्णरावांनी रुमाल काढून मान पुसली.

शंकरराव परत खोलीत जाऊन बसले आणि त्यांनी प्रबंधाचं शेवटचं प्रकरण उघडलं. वाचायला त्यांनी भरपूर वेळ घेतला. मधे एकदा विचारलं, "हा पांढरा युग्लीना औषध धुतल्यावर किती दिवस ठेवलात?"

"अजून आहे, सर. खिडकीत. अजून पांढराच आहे."

"आणि मायटोकॉन्ड्रियाचं काय? तुमचा पुरावा सगळा क्लोरोप्लास्टचा दिसतो."

"हो. मायटोकॉन्ड्रियाबद्दल माझ्याकडे स्वतःचं काही नाही. ते दुभंगताना लोकांनी पाहिलेत, दुहेरी पडदा आहे, एवढंच. तसं लिहिलंय."

"लिहिलंय खरं," ते म्हणाले. प्रबंध मिटून त्यांनी चष्मा खाली आणला. "सच कहूं तो मला अजून पटलेलं नाही. गिळलेला बॅक्टेरिया एवढी वर्षं आत राहतो, हे मला जड जातं. पण मला पटलं नाही म्हणून पान फाडायचं, ही रीत मी तरी शिकलो नाही. कृष्णराव, सही करा. तुमचा विरोध असेल तर सहीखाली तसा लिहा, ते तुमचं हक्काचं आहे. फक्त कारण लिहा. नुसतं मान्य नाही, असं चालणार नाही."

त्यांनी स्पॉटिंगचा कागद ओढून लाल फुलीवर आडवी रेघ मारली, शून्याच्या जागी पूर्ण गुण लिहिले आणि बाकीच्यांचे पाचव्याचे कागद पुन्हा मागवले.

कृष्णरावांनी टाक उचलला. 'या प्रकरणातील मत गाइडला मान्य नाही', एवढं त्यांनी झरझर लिहिलं. पुढे 'कारण' लिहून त्यांनी टाक दौतीत बुडवला. पुन्हा बुडवला. पंधरा वर्षं ते शिकवत होते, बोलताना शब्दासाठी ते कधी अडले नव्हते. पण या प्रकरणाविरुद्ध त्यांच्यापाशी एकच कारण होतं, की दिसण्यावरून ठरवू नये, आणि ते कारण शेजारच्या खोलीत पाचव्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यांना दिसेल असं पडलेलं होतं. त्या पांढऱ्या बाटलीत त्यांनी कधी डोकावलं असतं तर कदाचित खरं कारण सापडलंही असतं. मायटोकॉन्ड्रियाचा पुरावा अपुरा आहे, असं तरी त्यांना लिहिता आलं असतं. तिने स्वतःच तसं कबूल केलं होतं. पण त्यासाठी प्रकरण वाचायला लागलं असतं.

इंदुमती टेबलासमोर उभी होती. तिला वाटलं होतं, आता तरी बरं वाटेल. बरं वाटत नव्हतं. ज्या माणसाच्या सहीवाचून तिची दोन वर्षं फुकट गेली असती, त्याने ते पान एकदाही वाचलं नव्हतं, हे आता तिला त्याच्या थांबलेल्या टाकावरून कळत होतं. राग निवायच्या ऐवजी आणखी खोल उतरला.

"लिहा ना, सर," ती म्हणाली.

कृष्णरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी 'कारण' हा शब्द खोडला, मग वरची सगळी ओळ खोडली, आणि खाली सही केली.

शंकररावांनी प्रबंध उचलून बाकीच्यांवर ठेवला. इंदुमती प्रयोगशाळेत परत गेली. तेलाचं भिंग तेलासकटच सोडून दिलेलं होतं. तिने मऊ कापडाने ते पुसलं, आपली स्लाइड काढून घेतली, तिच्यावर चिकटवलेला कागद ओला करून सोलला, आणि चिठ्ठीवर 'मूळ' च्या आधी 'कांदा' असं लिहिलं.